एक लिंक चालू-बंद होते आणि सगळे राउटर धापा टाकतात: एरिया पाडूनही ओएसपीएफचा भार का उतरत नाही

हा बिघाड मी इतक्या वेळा पाहिला आहे की फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली की पुढचं सांगायची गरज पडत नाही. नेटवर्क मोठं असतं, त्यातले राउटर एकमेकांना मार्ग सांगायला ओएसपीएफ वापरतात, कोणीतरी पूर्वी ते नीट एरियांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भागांत, वाटलेलं असतं, कागदावर आकृती सुंदर दिसते. तरीही एका टोकाची एक लिंक आजारी पडली की दुसऱ्या टोकाच्या राउटरला घाम फुटतो. मग प्रश्न येतो, "अहो, एरिया तर पाडलेत ना?" पाडलेत, पण काम अर्ध्यावरच सोडलंय.

खालच्या आज्ञा सिस्को आयओएसच्या आहेत. दुसऱ्या बनावटीच्या राउटरवर शब्द बदलतील, तपासणीचा क्रम तोच राहील.

लक्षणं

राउटरचा सीपीयू अधूनमधून झेप घेतो आणि खाली येतो. झेपांमधलं अंतर साधारण ठरावीक असतं. दर काही सेकंदांनी पॅकेट गळतात, विशेषतः आवाजाच्या कॉलमध्ये तुटकपणा जाणवतो. `show ip route` मध्ये ओएसपीएफच्या मार्गांपुढे दिसणारी वेळ वाढतच नाही, दर वेळी `00:00:06`, `00:00:11` असंच काहीतरी दिसतं. शेजारी मात्र सगळे `FULL` असतात, म्हणून पहिल्या नजरेला सगळं ठीक वाटतं.

यातलं सगळ्यात बोलकं लक्षण वेगळंच आहे. बिघाड एरिया ३ मध्ये असतो आणि तक्रार एरिया ५ मधून येते. तसं असेल तर पुढचं वाचा.

आधी दोन मिनिटं: एरिया नेमकं काय लपवतो

हे डोक्यात पक्कं नसेल तर पुढच्या तपासण्या नुसत्या आज्ञा वाटतील.

एका एरियातल्या प्रत्येक राउटरकडे त्या एरियाचा पूर्ण नकाशा असतो: कोण कोणाला जोडलेला आहे आणि त्या जोडणीची किंमत किती. प्रत्येक राउटर आपल्या लिंकांची माहिती एका एलएसएमध्ये लिहितो आणि ती एरियाभर पसरते. लिंक पडली की तिच्या दोन्ही टोकांचे राउटर नवी एलएसए काढतात, ती सगळ्यांपर्यंत पोचते आणि प्रत्येक राउटर आपला नकाशा पुन्हा सोडवायला बसतो. हे सोडवणं म्हणजे डायक्स्ट्राची पद्धत, ओएसपीएफच्या भाषेत एसपीएफ.

एकच एरिया असेल आणि त्यात १८० राउटर असतील, तर कुठलीही लिंक हलली की १८० जण गणित करतात. तेच नेटवर्क ३०-३० च्या सहा एरियांत वाटलं तर हलणाऱ्या लिंकचं गणित फक्त तिच्या एरियातल्या ३० जणांना पडतं. शिवाय नकाशा लहान झाल्यामुळे प्रत्येकाचं गणितही हलकं होतं. एरियाच्या वेशीवर उभा असलेला राउटर, म्हणजे एबीआर, आतला नकाशा बाहेर देत नाही. तो फक्त यादी देतो: हा पत्ता माझ्यामागे आहे, किंमत इतकी. ही यादी म्हणजे टाइप ३ च्या एलएसए.

खरी मेख इथेच आहे. नकाशा लपला, पण यादी लपली नाही. एबीआर आपण होऊन काहीही एकत्र करत नाही. आतल्या प्रत्येक सबनेटसाठी तो बाहेर एक वेगळी टाइप ३ काढतो, आणि त्या सबनेटची किंमत बदलली की ती पुन्हा काढतो. बाहेरच्या एरियांत त्यामुळे डायक्स्ट्रा पुन्हा चालत नाही, तेवढ्या पत्त्याचाच हिशेब नव्याने होतो. पण एलएसए पसरवणं, पोच देणं, मार्गांचा तक्ता बदलणं हे सगळं चालू राहतं. एरिया पाडल्याने अर्धा फायदा होतो. उरलेला अर्धा पत्त्यांची मोळी बांधल्यावरच, म्हणजे अनेक सबनेटं एकाच मोठ्या पत्त्यात गुंडाळून सांगितल्यावरच मिळतो.

पहिली तपासणी: खरंच एसपीएफ चालतंय का, आणि कुठे

फुकटात होते, काही बिघडवत नाही. आधी ज्या एरियात बिघाडाचा संशय आहे त्याच्या एबीआरवर:

```
ABR1# show ip ospf
    Area 3
        SPF algorithm last executed 00:00:04.312 ago
        SPF algorithm executed 5210 times
        Area ranges are
        Number of LSA 96
```

मधल्या बऱ्याच ओळी मी गाळल्या आहेत. `executed` चा आकडा लिहून ठेवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. निरोगी एरियात तो तासन्‌तास हलत नाही. पाच मिनिटांत वीस-पंचवीसने वाढला असेल तर आत काहीतरी सतत हलतंय. मग तक्रार जिथून आली त्या एरियातल्या राउटरवर हेच पाहा. तिथला आकडा स्थिर असेल आणि तरीही मार्ग ताजेतवाने दिसत असतील, तर नकाशा व्यवस्थित लपलाय, त्रास यादीचा आहे. दोन्हीकडे आकडा वाढत असेल तर बिघाड तुम्ही समजता त्या एरियात नाही, किंवा दोन ठिकाणी आहे.

वरच्या नमुन्यात आणखी एक गोष्ट आहे जी लोक हमखास नजरेआड करतात. `Area ranges are` ही ओळ आहे आणि तिच्याखाली काहीच नाही. एबीआरवर ही जागा रिकामी असणं म्हणजे मोळी बांधलेलीच नाही. तिसऱ्या तपासणीत इथेच परत यायचंय.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. प्रत्येक एलएसए तिचा मालक दर ३० मिनिटांनी काही बदल नसतानाही नव्याने काढतो, कारण ६० मिनिटांची झालेली एलएसए बाद समजली जाते. हा ओएसपीएफचा नेहमीचा श्वासोच्छ्वास आहे. आतला मजकूर तोच असल्यामुळे त्याने एसपीएफ चालत नाही. त्याला बिघाड समजून कोणी टायमरशी खेळू नये.

दुसरी तपासणी: हलतंय कोण

हीसुद्धा नुसती बघण्याची तपासणी आहे, पण ८० टक्के वेळा गुन्हेगार इथेच सापडतो असं माझं मत आहे. मोजून काढलेला आकडा नाही, सवयीने सांगतोय. एरिया ३ मधल्या कुठल्याही राउटरवर:

```
R12# show ip ospf database
            Router Link States (Area 3)
Link ID     ADV Router  Age   Seq#
10.255.3.1  10.255.3.1  1204  0x80000A13
10.255.3.4  10.255.3.4  7     0x80002E51
10.255.3.7  10.255.3.7  6     0x80002E4C
10.255.3.9  10.255.3.9  412   0x8000091F
```

दोन रकाने पाहायचे. `Age` म्हणजे एलएसएचं वय सेकंदांत. शांत राउटरचं वय ० ते १८०० च्या मध्ये कुठेही असतं. ज्याचं वय कधीही पाहिलं तरी एक आकडी, तो अस्वस्थ आहे. `Seq#` म्हणजे त्या राउटरने ही एलएसए कितव्यांदा काढली याचा क्रमांक, जो `0x80000001` पासून सुरू होतो. `A13` म्हणजे दशमान पद्धतीत २५७९. दिवसाला ४८ नव्या प्रती धरल्या तर हा राउटर साधारण ५४ दिवस शांतपणे चालतोय. `2E51` म्हणजे ११८५७. तेवढ्याच दिवसांत याने नऊ हजारांहून जास्त प्रती जादा काढल्यात.

आणि असे अस्वस्थ राउटर दोन आहेत, क्रमांकही जवळजवळ सारखे. एक लिंक, तिची दोन टोकं. आर४ आणि आर७ यांच्यामधली लिंकच हलतेय, दुसरं काही शोधायची गरज नाही. एकच राउटर अस्वस्थ दिसला तर त्याच्या मागे लटकलेलं एखादं सबनेट चालू-बंद होतंय असं समजा.

आता त्या लिंकच्या इंटरफेसवर `show interfaces` चालवा आणि `CRC` चा आकडा वाढतोय का ते पाहा. केबल, फायबरचा जोड, ट्रान्सीव्हर, या क्रमाने बदलून बघा. केबल बदलून एरिया ५ ची तक्रार थांबते हे अनेकांना पटत नाही, पण होतं तसंच. भाड्याची लिंक असेल आणि दुरुस्तीला दिवस लागणार असतील, तर तिला तात्पुरती शांत करा:

```
interface GigabitEthernet0/1
 dampening
```

याने वारंवार पडणाऱ्या इंटरफेसला दंड बसत जातो आणि मर्यादा ओलांडली की तो काही काळ बंदच आहे असं ओएसपीएफला सांगितलं जातं. दुसरा मार्ग असेल तरच हे करा, नाहीतर अधूनमधून चालणारी लिंक पूर्ण बंद पडेल.

या टप्प्यावर एक वेगळाच पाहुणा कधी कधी भेटतो: दोन राउटरांना चुकून एकच राउटर आयडी. कोणीतरी जुनं कॉन्फिगरेशन नव्या राउटरवर जसंच्या तसं चिकटवलेलं असतं. मग दोघंही एकाच नावाने एलएसए काढतात, एकमेकांच्या प्रती खोडतात आणि क्रमांक भराभर चढतो. लॉगमध्ये `%OSPF-4-FLOOD_WAR` दिसलं तर लिंक तपासायला जाऊ नका. एकाचा आयडी बदला आणि `clear ip ospf process` द्या. या आज्ञेने त्या राउटरचे सगळे शेजारी तुटून पुन्हा जुळतात, म्हणून कामाच्या वेळेत नको.

तिसरी तपासणी: वेशीवर मोळी बांधली आहे का

लिंक दुरुस्त झाली, तक्रार थांबली. बहुतेक जण इथेच थांबतात आणि चार महिन्यांनी दुसरी लिंक हलली की मला पुन्हा फोन येतो. म्हणून ही तपासणी बिघाड गेल्यानंतरही करायची.

वर सांगितलेल्या नेटवर्कचाच हिशेब मांडू. १८० राउटर, सहा एरिया, प्रत्येकी ३०, त्यात प्रत्येक एरियाचे दोन एबीआर. हे बारा एबीआर मिळून एरिया ०, म्हणजे कणा. आर७ च्या मागे ४० सबनेट आहेत. आर४-आर७ लिंक पडली की ती लांबच्या वाटेने पोचतात, म्हणजे तुटत काहीच नाही, पण चाळिसांची किंमत बदलते. एरिया ३ चे दोन्ही एबीआर प्रत्येकी ४० टाइप ३ कण्यात टाकतात: ८० झाल्या. उरलेल्या पाच एरियांचे दहा एबीआर त्या ऐकून आपापल्या एरियात प्रत्येकी ४० नव्या काढतात: ४०० झाल्या. एकदा लिंक पडली की ४८०, परत उठली की आणखी ४८०. आणि यातली प्रत्येक एलएसए आपापल्या एरियातल्या सगळ्या राउटरांच्या दारात जाते. एरिया ५ का कुरकुरतो हे आता कळलं असेल.

उपाय दोन ओळींचा आहे, एरिया ३ च्या दोन्ही एबीआरवर:

```
router ospf 1
 area 3 range 10.3.0.0 255.255.0.0
```

आता एबीआर बाहेर एकच ओळ सांगतो: `10.3.0.0/16` माझ्यामागे आहे. आतलं एक जरी सबनेट जिवंत असेल तोवर ही ओळ टिकते. बाकीची पडोत, उठोत, बाहेर पत्ता लागत नाही. आज्ञा दिल्यावर `show ip ospf` मध्ये ती रिकामी जागा भरलेली दिसली पाहिजे: `10.3.0.0/16 Active(20) Advertise`.

आज्ञा फक्त एका एबीआरवर दिली तर काय होतं हे एकदा मी स्वतःच्या हाताने पाहिलंय. दुसरा एबीआर सुटी सबनेटं सांगतच राहिला. अधिक नेमका पत्ता नेहमी जिंकतो, त्यामुळे एरिया ३ ची सगळी वाहतूक त्या एकाच एबीआरवरून जाऊ लागली आणि त्याची लिंक भरून गेली. दोन्हीकडे, एकापाठोपाठ, लगेच.

मोळी बांधूनही टाइप ३ हलत राहिली तर किंमत तपासा. मोळीची किंमत आतल्या सबनेटांवरूनच ठरते. १९९८ च्या आरएफसी २३२८ प्रमाणे सगळ्यात महाग सबनेटची किंमत मोळीला लागते, तर जुन्या आरएफसी १५८३ च्या पद्धतीत सगळ्यात स्वस्ताची. आयओएस जुन्या पद्धतीनेच चालतो, पण एका नेटवर्कमध्ये कोणीतरी `no compatible rfc1583` देऊन ठेवलं होतं. सगळ्यात लांबची सबनेटं नेमकी हलणाऱ्या लिंकच्या मागची होती. लिंक हलली की मोळीची किंमत बदले आणि मोळी पुन्हा निघे. ती सेटिंग सगळ्या राउटरांवर सारखी असावी लागते, म्हणून तिला हात न लावता किंमतच खिळवून टाकली:

```
 area 3 range 10.3.0.0 255.255.0.0 cost 20
```

याची किंमतही मोजावी लागते. बाहेरच्यांना आता आतल्या वाटांची लांबी दिसत नाही, त्यामुळे कधी कधी वाहतूक लांबच्या एबीआरमधून आत शिरते. मी हा सौदा जवळजवळ नेहमी मान्य करतो.

एक खाच राहते. वरच्या नमुन्यात राउटर आयडी `10.255.3.x` आहेत, म्हणजे लूपबॅकचे पत्ते मोळीच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी `10.255.3.0 255.255.255.0` ची वेगळी मोळी बांधता येते. पण नेटवर्कवर एमपीएलएस, म्हणजे लेबल पाहून पॅकेट पुढे पाठवण्याची पद्धत, चालत असेल तर लूपबॅक सुटेच ठेवा. तिथे प्रत्येक लूपबॅकचा नेमका /३२ पत्ता लेबलशी जुळावा लागतो. मोळी बांधलीत तर पिंग चालेल पण सेवा बंद पडतील, आणि ते शोधण्यात तुमची रात्र जाईल.

मोळी बांधण्याआधी दोन खड्डे पाहून घ्या

पत्ते एरियाप्रमाणे वाटलेले असतील तरच मोळी बसते. कोणीतरी `10.3.200.0/24` उचलून एरिया ५ मध्ये नेलेलं असतं. रोज ते चालतं, कारण एरिया ५ तो पत्ता सुटा सांगतो आणि नेमका पत्ता जिंकतो. ज्या दिवशी ते सबनेट पडतं त्या दिवशी त्याची वाहतूक एरिया ३ च्या एबीआरकडे वळते आणि तिथे `Null0` मध्ये नाहीशी होते. मोळी बांधताना एबीआर स्वतःच `Null0` कडे जाणारा मार्ग घालतो, नाहीतर पत्ता न सापडलेली पॅकेटं दोन राउटरांमध्ये टोलवली जातील. तो मार्ग काढून टाकू नका. आधी एरिया ३ मधल्या, एबीआर नसलेल्या राउटरवर `show ip route 10.3.0.0 255.255.0.0 longer-prefixes` चालवा आणि एकाही पत्त्यापुढे `O IA`, म्हणजे दुसऱ्या एरियातून आलेला, अशी खूण नाही ना ते बघा.

दुसरा खड्डा खोल आहे. एरिया ३ आतून दुभंगला, म्हणजे अर्धे राउटर फक्त पहिल्या एबीआरकडे आणि अर्धे फक्त दुसऱ्याकडे उरले, तरी दोन्ही एबीआर पूर्ण `10.3.0.0/16` सांगत राहतात. चुकीच्या एबीआरकडे आलेलं पॅकेट `Null0` मध्ये जातं. मोळी नसती तर सुट्या पत्त्यांमुळे ते दुसऱ्या वाटेने पोचलं असतं. यावर उपाय म्हणजे दोन एबीआरना एकमेकांशी जोडणारी, एरिया ३ मध्येच असलेली एक थेट लिंक. ती नसेल तर मोळी बांधण्याआधी तिची व्यवस्था करा.

चौथी तपासणी: आत काय येतंय

मोळीने एरियातून बाहेर जाणारा गोंधळ थांबतो. बाहेरून आत येणारा थांबत नाही. एरियात जुने, अशक्त राउटर असतील आणि `show ip ospf database` मध्ये टाइप ५ च्या शेकडो ओळी दिसत असतील, तर हा त्यांचा त्रास आहे. टाइप ५ म्हणजे ओएसपीएफबाहेरून आणलेले मार्ग. त्यांना एरियाची वेस अडवत नाही, ते सगळीकडे जातात. कुठेतरी एक स्थिर मार्ग हलला तर सहाही एरियांत एलएसए फिरते.

ज्या एरियात बाहेरचे मार्ग आणणारा राउटर नाही, त्याला स्टब करता येतं. सगळ्या राउटरांवर `area 3 stub`, आणि एबीआरवर `area 3 stub no-summary`. मग आत टाइप ५ येत नाहीत, दुसऱ्या एरियांच्या टाइप ३ ही येत नाहीत. फक्त एक `0.0.0.0` येतो: बाहेरचं काहीही असो, एबीआरकडे पाठवा. आत कोणी बाहेरचे मार्ग आणत असेल तर स्टबऐवजी एनएसएसए, म्हणजे ते आणू देणारा स्टबचाच एक प्रकार, लागतो, आणि एरियातून व्हर्च्युअल लिंक जात असेल तर स्टब होतच नाही.

अवघड आहे ते बदलण्याचा क्रम. स्टब आहे की नाही हे शेजारी एकमेकांना सतत पाठवतात त्या हॅलो पॅकेटमध्ये लिहिलेलं असतं आणि दोन्ही बाजूंचं जुळलं नाही तर शेजारी तुटतात. दुरून काम करत असाल तर सगळ्यात लांबच्या राउटरपासून सुरुवात करा आणि आपल्या दिशेने या. प्रत्येक पावलावर मागचा भाग तुटलेला दिसेल आणि तुम्ही जवळचा राउटर बदलला की परत जुळेल. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच आज्ञेला मागच्या सगळ्यांशी संपर्क तुटेल. सुरू करण्याआधी प्रत्येक राउटरवर कॉन्फिगरेशन साठवून `reload in 30` द्या. अडकलात तर तो स्वतः जुन्या अवस्थेत परत येईल. काम जमलं की `reload cancel` विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.

पाचवी: एरियाच चुकीचे पाडलेत

इतकं करूनही एका एरियाचा एसपीएफचा आकडा धावत असेल, तर तो एरिया फार मोठा आहे किंवा त्यात डळमळीत लिंक फार आहेत. एरियाला ५० राउटर हा जुना ठोकताळा आहे. आजचे राउटर त्याहून कितीतरी जास्त पेलतात, म्हणून मी राउटर मोजण्याआधी डळमळीत लिंक मोजतो. १५० स्थिर राउटरांचा एरिया शांत असतो, आणि वीस वायरलेस लिंका असलेला ३० चा एरिया रोज रडवतो. अशा लिंकांचा वेगळा एरिया करून त्याला मोळी आणि स्टब दोन्ही लावणं हा खरा इलाज आहे. त्या कधीही एरिया ० मध्ये ठेवू नका. कणा हलला की सगळ्यांच्याच किमती हलतात.

उलट चूकही होते: उत्साहाच्या भरात एकाच एबीआरवर सात-आठ एरिया टांगलेले असतात. एबीआरला प्रत्येक एरियाचा नकाशा वेगळा सांभाळावा लागतो. बाकीच्यांचा भार उतरवता उतरवता त्याच्याच डोक्यावर सगळा चढतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पहिल्या दोन तपासण्या कोणीही कराव्यात. तिसरी करताना वरचे दोन्ही खड्डे तुमच्या नेटवर्कमध्ये नाहीत याची खात्री नसेल तर हात मागे घ्या. चौथी फक्त देखभालीच्या ठरलेल्या वेळेत, आणि लांबच्या ठिकाणी कन्सोलजवळ माणूस बसलेला असताना.

पाचवी एकट्याने करू नका. चालू लिंकचा एरिया बदलला की शेजारी तुटतो, कारण एरियाचा क्रमांकही हॅलोमध्ये असतो. पत्ते नव्याने वाटावे लागतात. एरिया ० दोन तुकड्यांत विभागलेला आढळला, कॉन्फिगरेशनमध्ये `virtual-link` दिसली, किंवा दोन ठिकाणी ओएसपीएफ आणि बीजीपी एकमेकांत मार्ग ओततायत असं दिसलं, तर एकही ओळ न बदलता मोठा अनुभव असलेल्या माणसाला बोलवा. अशा जोडण्या बहुधा कुठला तरी जुना बिघाड झाकण्यासाठी घातलेल्या असतात. त्या ओढल्या की काय कोसळेल हे आकृतीवरून दिसत नाही.

येणाऱ्या माणसासाठी तीन गोष्टी तयार ठेवा: प्रत्येक एबीआरवरचं `show ip ospf` एक तासाच्या अंतराने दोनदा घेतलेलं, बिघाडाच्या वेळचं `show ip ospf database`, आणि कुठल्या एरियात कुठले पत्ते आहेत याची यादी. तिसरी बहुतेक ठिकाणी नसते, तेव्हा ती करायला आजच बसा.